बीपीची गोळी आणि सुजलेले घोटे

समजा, बासष्ट वर्षांच्या एक बाई बीपीसाठी रोज ५ मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन घेतात. बीपी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी डोस १० केला. तीन आठवड्यांत बीपी उतरलं, पण संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला. दोन्ही घोटे सुजलेले, दुखत मात्र नाहीत. सकाळी उठेपर्यंत सूज बरीच ओसरते आणि दिवसभर उभं राहिलं की पुन्हा चढते. अंगठ्याने घोट्याच्या वर पाच-दहा सेकंद दाबलं, तर खळगा पडतो आणि हळूहळू भरतो.

ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. येणारं रक्त वाढतं, जाण्याची वाट तेवढीच राहते. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि उभ्या माणसात ते घोट्यांशी साठतं. डोस वाढला की सूज येण्याची शक्यताही वाढते. उन्हाळ्यात ती जास्त जाणवते.

म्हणजे इथे शरीरात जादा पाणी साठलेलं नसतं. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. उलट अशक्तपणा येतो, चक्कर येते, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घटतं. एका गोळीचा त्रास नवा आजार समजून दुसरी गोळी सुरू होते, ती अशी.

मग डॉक्टरांशी काय बोलायचं? सूज कधी सुरू झाली आणि त्याआधी कोणती गोळी किंवा डोस बदलला, हे तारखेसह सांगा. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. एकाच गोळीत दोन औषधं असतात, त्यात ॲम्लोडिपिन दडलेलं असू शकतं. घरी मोजलेल्या बीपीची वही दाखवा. डोस कमी करता येईल का, हे विचारा. आपल्या उदाहरणातल्या बाईंची लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी ठीक आली. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून टेल्मिसार्टन जोडलं. ते शिराही सैल करतं, त्यामुळे सूज उतरायला मदत होते. काहींना सिल्निडिपिनवर नेलं जातं, त्यात सूज कमी येते.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बीपी पुन्हा चढेल. प्रत्येक सूज गोळीचीच असते असंही नाही. सकाळी चेहरा सुजत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी लवकर करून घ्या. एकच पाय सुजून दुखत असेल, तर शिरेत गुठळी असू शकते. आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर हृदयाची शंका घ्यावी लागते. या दोन्ही वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.