बारा आठवडे, त्यातले आठ गणिताला

बीकॉम झालेल्या मुलांना इकॉनॉमेट्रिक्सकडे वळायचं असतं तेव्हा ती पहिल्यांदा अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं आणतात. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न त्यांनी थोडंफार वाचलेलं असतं. अडतं ते गणितात, कारण अनेकांनी अकरावीत गणित सोडून एसपी घेतलेलं असतं.

आयआयटींच्या एमएस्सीसाठी होणाऱ्या ‘जाम’ या प्रवेशपरीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर घेऊ. ती फेब्रुवारीत असते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून साधारण बारा आठवडे मिळतात. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, गणित आणि संख्याशास्त्र असा अभ्यासक्रम. पण सूक्ष्म अर्थशास्त्राचे प्रश्नही बहुतेक डेरिव्हेटिव्ह काढल्याशिवाय सुटत नाहीत. त्यामुळे पहिले तीन आठवडे फक्त गणित करावं: फंक्शन, लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, कमाल-किमान, शेवटी पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं पुरतात, पार्शल डेरिव्हेटिव्ह तेवढं चँगच्या पुस्तकातून करावं. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात संभाव्यता, रँडम व्हेरिएबल, अपेक्षित मूल्य, व्हेरिअन्स आणि नेहमीची वितरणं.

सातवा आणि आठवा आठवडा एस्टिमेशन, गृहीतकांची चाचणी आणि रिग्रेशनचा. बीकॉमच्या मुलाला इथे आत्मविश्वास असतो आणि इथेच तो फसतो. रिग्रेशनचं सूत्र त्याला पाठ असतं. ते आलं कुठून हे माहीत नसतं.

पाच दुकानांचं उदाहरण घ्या. जाहिरातीचा खर्च (x) 1, 2, 3, 4, 5 हजार रुपये. विक्री (y) 2, 4, 5, 4, 5 लाख. सरासरी अनुक्रमे 3 आणि 4. सरासरीपासूनच्या फरकांच्या गुणाकारांची बेरीज 6 येते, x च्या फरकांच्या वर्गांची 10. म्हणून स्लोप 0.6 आणि रेषा y = 2.2 + 0.6x. इथवर सगळ्यांना जमतं. आता विचारा, y वरून x चा अंदाज बांधायचा तर स्लोप किती? पुष्कळ मुलं 0.6 उलटं करून 1.67 लिहितात. उत्तर 1 आहे, कारण आता 6 ला y च्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं आणि तीही 6 च आहे. पहिल्या रेषेत आपण y मधल्या चुकांचे वर्ग कमीत कमी करतो, दुसरीत x मधल्या. दोन्ही स्लोपांचा गुणाकार 0.6 येतो, तोच सहसंबंध गुणांकाचा वर्ग.

आता पहिल्या रेषेच्या चुका मांडा: −0.8, 0.6, 1, −0.6, −0.2. त्यांची बेरीज शून्य. प्रत्येक चुकीला तिच्या x ने गुणून बेरीज केली तरी शून्य. हा योगायोग नव्हे. चुकांच्या वर्गांच्या बेरजेचं दोन्ही गुणकांशी पार्शल डेरिव्हेटिव्ह काढून शून्याबरोबर ठेवलं की नेमक्या याच दोन अटी मिळतात. पहिल्या तीन आठवड्यांची मेहनत इथे वसूल होते. शिवाय यातली एखादी बेरीज शून्य आली नाही, तर आकडेमोड कुठेतरी चुकली आहे हे लगेच कळतं.

ही सवय गुणांच्या दृष्टीनेही महत्त्वाची. पेपरात एकच पर्याय बरोबर असलेले प्रश्न 50 गुणांचे असतात, तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतील अशा प्रश्नांना 20 गुण. गुण कापत नाहीत, पण सगळे बरोबर पर्याय निवडले नाहीत तर शून्य. उरलेल्या 30 गुणांना पर्यायच नसतात, संख्या स्वतः टाइप करायची असते. अंदाजपंचे इथे काही हाती लागत नाही.

नववा आठवडा सूक्ष्म अर्थशास्त्राला द्या. उपभोक्त्याचा समतोल आता आकृतीने नव्हे, लॅग्रांजच्या पद्धतीने सोडवा. दहावा स्थूल अर्थशास्त्र आणि भारतीय अर्थव्यवस्थेला. शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काही उघडू नये. जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचा माउसने वापरावा लागतो, म्हणून सरावही तसाच हवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पना, आकडेमोड की प्रश्न नीट वाचला नाही. संकल्पनेच्या चुका निम्म्याहून जास्त निघाल्या, तर पेपर बाजूला ठेवून त्या प्रकरणाकडे परत जा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी ज्या संस्थेत जायचं तिची पात्रतेची अट वाचा. काही अभ्यासक्रमांना बारावी किंवा पदवीला गणित असणं बंधनकारक असतं, आणि ती अट प्रवेशपरीक्षेत कितीही गुण मिळाले तरी सुटत नाही.