पाकिटावरची तारीख आणि पंचांगातली तिथी

मागील आठवड्यात सूनबाईंनी मोबाईलवर एक स्क्रीनशॉट पाठविला. परभणी क्रांती जातीच्या भेंडीचे बी, पाकिटाच्या दोन्ही बाजू, आणि खाली प्रश्न : ‘पप्पा, हे मागवू का?’ वर्तकनगरातील आमच्या बाल्कनीत बारा कुंड्या आहेत. समोरच्या इमारतीमुळे ऊन दिवसाकाठी चार तासच मिळते. पूर्वी अशा प्रश्नाला मी लगेच होकार दिला असता. आता मात्र धनादेश वठविण्यापूर्वी तारीख, रक्कम आणि सही पाहावी, तसे पाकीट वाचतो. त्याला कारण घडले आहे, ते पुढे सांगतो.

पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत चाचणीची तारीख, वैधतेची मुदत, लॉट क्रमांक आणि किमान उगवणशक्ती छापलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्यान्वये हा तपशील द्यावा लागतो. वैधता सामान्यतः चाचणीपासून नऊ महिने धरतात. सूनबाईंच्या चित्रात चाचणी एप्रिल २०२५ ची व मुदत जानेवारी २०२६ ची होती. आम्हांस पेरणी करावयाची होती फेब्रुवारीत. म्हणजे मुदत आधीच संपत होती. मुदतीनंतर बी एका दिवसात मरत नाही. पण छापलेल्या उगवणशक्तीची हमी उरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. विक्रेत्याच्या पानावरील चित्र बहुधा एकदाच काढलेले असते. प्रत्यक्ष घरी येणारे पाकीट वेगळ्या लॉटचे असू शकते. म्हणून स्क्रीनशॉटवरून जात, दिवस आणि हंगाम घ्यावा. तारीख मात्र हाती आलेल्या पाकिटावरचीच मानावी. सूनबाईंनी विचारणा केली, तेव्हा दुकानदाराने नव्या लॉटचे पाकीट पाठविले.

किमान उगवणशक्ती ६५ टक्के होती. शंभर बियांपैकी किमान पासष्ट उगवतील, असा त्याचा अर्थ. एका कुंडीत एकच बी टोकले, तर दर तीन कुंड्यांमागे एक रिकामी राहण्याचा संभव. दोन बिया टोकल्या, तर दोन्ही न उगवण्याची शक्यता सुमारे बारा टक्के, म्हणजे आठ कुंड्यांत जेमतेम एक. दोन्ही उगवल्यास एक रोप कोवळे असतानाच मुळांना धक्का न लावता ओल्या मातीसह दुसरीकडे लावतो. उपटून टाकण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

आता दिवसांचा आकडा. पाकिटावर ‘४५ ते ५० दिवस’ असे लिहिले होते. भेंडीचे बी थेट कुंडीत टोकतात, म्हणून हे दिवस पेरणीपासूनच मोजायचे. पण हा आकडा मोकळ्या शेताचा आहे, जेथे ऊन दिवसभर असते. आमच्या चार तासांच्या उन्हात गेल्या उन्हाळ्यात पहिला तोडा एकोणसाठाव्या दिवशी मिळाला, अशी माझ्या वहीत नोंद आहे. म्हणून मी दहा दिवस वाढवून धरतो.

मिरचीची गोष्ट निराळी, आणि माझी चूक तेथेच झाली. २०२४ साली पर्युषण आटोपल्यावर १८ सप्टेंबरला मी मिरचीचे बी टाकले. पाकिटावर ६० ते ६५ दिवस होते. त्या हिशेबाने १७ ते २२ नोव्हेंबरला मिरच्या यायला हव्या होत्या. डिसेंबर उजाडला तरी एकही मिरची नव्हती. तीनपैकी दोन रोपे निष्फळ समजून मी उपटली. तिसरे केवळ आळसाने राहिले, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते मिरच्यांनी भरले. नंतर पाकीट पुन्हा वाचले. ‘रोप लावल्यापासून’ हे शब्द घडीखाली दडले होते. बी वाफ्यात पेरून रोप तयार होण्यास महिनाभर लागतो. मी रोपे २२ ऑक्टोबरला कुंडीत लावली होती, म्हणजे मोजणी तेथून सुरू व्हायला हवी होती. जमाखर्चातील चूक उलट नोंदीने सुधारता येते. ही दोन रोपे परत आणता आली नाहीत. तेव्हापासून मिरची, टोमॅटो अशा रोप लावून वाढविण्याच्या पिकांचे दिवस लावणीपासून, आणि भेंडी, गवार, मेथी यांचे पेरणीपासून, असे दोन वेगळे रकाने मी वहीत आखले आहेत.

आता राहिला आपला खास भाग. पाकीट इंग्रजी महिन्यांनी बोलते आणि आपले घर तिथीने चालते. मेथीचेच पाहा. आमच्याकडे फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पालेभाजी वर्ज्य असते. काही घरांत हा नियम आषाढी चौमासीपासून पाळतात. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीस येते आणि तिला थंडी मानवते. म्हणजे आपल्या नियमाने मोकळे असलेले महिने नेमके मेथीच्या हंगामाचेच आहेत. प्रश्न फक्त दोन टोकांचा उरतो, आणि ती टोके मागून मोजावी लागतात.

गेल्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. पंचवीस दिवस मागे गेल्यास पेरणी ११ ऑक्टोबरला येते. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने कार्तिकी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे, म्हणून पेरणी ३० ऑक्टोबरला. गेल्या वर्षीचीच तारीख यंदा वापरली, तर मेथी वर्ज्य काळातच तयार होऊन निबर होईल.

भेंडीसाठी आम्ही ८ फेब्रुवारी ठरविली. पाकिटाच्या हिशेबाने पहिला तोडा २५ ते ३० मार्चला येतो, आणि त्याच सुमारास चैत्री ओळी सुरू होते. घरात आयंबिल असताना हिरवी भाजी चालत नाही, आणि भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती निबर होऊन झाडाचे पुढचे फळणे मंदावते. पण आमच्या बाल्कनीचे दहा दिवस मिळविले की पहिला तोडा ४ ते ९ एप्रिलच्या आसपास येतो. ओळी २ एप्रिलला पूर्ण होत असल्याने अडचण उरत नाही. अष्टमी-चतुर्दशीच्या तोड्याची भेंडी आदल्या सायंकाळीच काढावी.

यंदाचे आमचे कोष्टक असे :

• मेथी, शेवटची पेरणी : २५ जानेवारीपूर्वी. फाल्गुन चतुर्दशी २ मार्चला आहे.
• भेंडी : पेरणी ८ फेब्रुवारी, तोडे ९ एप्रिलपासून मेअखेर. ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो.
• मिरची : बी सप्टेंबरच्या मध्यावर, लावणी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तोडा डिसेंबरअखेर.
• मेथी, पहिली पेरणी : ३० ऑक्टोबर, काढणी २४ नोव्हेंबरपासून.

परभणी क्रांती ही जात निवडण्याचे कारणही सांगतो. भेंडीची पाने पिवळी पाडणारा हळद्या रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, आणि ही जात त्या रोगाला बरीच दाद देत नाही. फवारणी करायची नसेल, तर निवड पेरणीपूर्वी पाकिटावरच करावी लागते.

शेवटी एक सूचना. पाकिटावर बीजप्रक्रिया केल्याचा इशारा असेल, किंवा बी गुलाबी-निळ्या रंगाचे दिसत असेल, तर त्याला औषध चोळलेले असते. उरलेली मेथी स्वयंपाकघरातील डब्यात जाऊ देऊ नये. पाकीट टाकून न देता वहीतच चिकटवावे. पुढच्या वर्षीचा हिशेब तेथूनच सुरू होतो.