‘मंठा’ खोडून ‘परतूर’ लिहायचंय? पीडीएफला हात लावू नका!

समजा, उद्या प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट करायचाय. तुम्ही वाटूर फाट्यावर प्रिंट काढायला उभे आहात, पेन ड्राइव्हमध्ये फक्त पीडीएफ आहे. आणि तेवढ्यात लक्षात येतं, की मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘मु. वाटूर, ता. मंठा, जि. जालना’. वाटूर तर परतूर तालुक्यात! ‘एका शब्दाचं तर काम आहे’ म्हणत तुम्ही मोबाइलवर एखादं पीडीएफ एडिटर उघडता. ‘मंठा’ खोडता, ‘परतूर’ टाइप करता. आणि ‘प’च्या जागी येतो चौकोनी डबा, नाहीतर भलत्याच वळणाचा ‘प’. वर ‘परतूर’चं शेपूट ‘जि. जालना’वर चढून बसतं.

यात अ‍ॅपचा दोष फारसा नाही. वर्डच्या फाइलमध्ये तुमचं वाक्य वाक्य म्हणूनच साठवलेलं असतं. शब्द लांबला की वर्ड ओळ नव्याने मोजतं, पुढचा मजकूर सरकवतं, गरज पडली तर पान वाढवतं. पीडीएफमध्ये साधारणपणे वाक्य नसतंच. तिथे असतात चित्र काढायच्या सूचना. त्या अशा दिसतात :

```
BT
/F2 16 Tf
120 540 Td
<002B00410033> Tj
ET
```

म्हणजे F2 नावाचा फाँट घे, आकार १६ ठेव, पानाच्या डाव्या कडेपासून १२० आणि खालून ५४० पॉइंटांवर जा (७२ पॉइंट म्हणजे एक इंच) आणि या क्रमांकांची अक्षरचित्रं उमटव. बस्स. ही ओळ कुठल्या परिच्छेदातली, पुढे काय येतं, याचा इथे पत्ता नाही. एकाच ओळीचे अनेकदा दोन-चार तुकडे होतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी ठरलेली असते. म्हणून ‘मंठा’च्या जागी लांब शब्द आला, तरी ‘जि. जालना’ आपल्या जागेवरून हलत नाही. महागडी एडिटर्स ओळी जोडून परिच्छेदाचा अंदाज बांधतात, पण तो अंदाजच. अनुक्रमणिकेतले पान क्रमांक ती बदलून देत नाहीत.

आता त्या चौकोनी डब्याकडे येऊ. फाइल हलकी राहावी म्हणून पीडीएफ बनवताना सहसा आख्खा फाँट आत भरत नाहीत, वापरलेली अक्षरंच भरतात. तो ठळक फाँट तुम्ही फक्त त्या एका ओळीसाठी वापरला होता. ओळ पुन्हा वाचा : म, व, ट, र, त, ठ, ज, ल, न आणि काही मात्रा. ‘परतूर’मधले ‘र’, ‘त’ आणि दीर्घ ऊकार तिथे आहेत, ‘प’ मात्र कुठेच नाही! मग एडिटर दुसऱ्या फाँटमधून ‘प’ उसना आणतं, किंवा डबा दाखवतं. तपासायचं असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबा आणि Fonts हा टॅब बघा. फाँटच्या नावापुढे Embedded Subset लिहिलेलं असेल, तर आत थोडीच अक्षरं आहेत.

देवनागरीत आणखी एक गंमत (खरं तर वैताग) आहे. ‘जि’ टाइप करताना आधी ‘ज’, मग वेलांटी. चित्र काढताना मात्र वेलांटी आधी, ‘ज’ नंतर. जोडाक्षराचं तर कधी कधी एकच चित्र असतं. त्या चित्रांवरून मूळ अक्षरं ओळखायचा तक्ता पीडीएफमध्ये नीट नसेल, तर पानावर शब्द दिसतो, पण सर्चमध्ये सापडत नाही आणि कॉपी केला की विस्कटतो. अशा फाइलमध्ये ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा काही शब्द गाठेल, काही सोडेल. आणि कुठले सुटले, ते तुम्हाला कळणारही नाही.

सगळ्यात फसवा उपाय म्हणजे पांढरी पट्टी. रिझ्यूममधला जुना मोबाइल नंबर पट्टीने झाकला, वर नवा टाकला. दिसायला झकास! पण खालचा नंबर अजून तिथेच असतो. Ctrl+A करून मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करा, दोन्ही नंबर येतील. कंपनीचं सॉफ्टवेअर रिझ्यूम वाचतं, तेव्हा त्यालाही दोन्ही मिळू शकतात.

मग त्या रात्री करायचं काय? घरी कुणाला तरी फोन करून मूळ वर्ड फाइल मागवा. तालुका तिथे बदला, अनुक्रमणिकेवर क्लिक करून F9 दाबा आणि नवी पीडीएफ बनवा. मूळ फाइल उडालीच असेल, तर फक्त मुखपृष्ठ नव्याने टाइप करा, त्याची वेगळी पीडीएफ करा आणि जुनं पान काढून हे जोडा. पानं जोडणं-काढणं पीडीएफला छान जमतं, कारण त्यात पानाच्या आतल्या सूचनांना धक्का लागत नाही. वर्डमध्येच पीडीएफ उघडायचा मार्गही आहे, पण तिथे वर्ड चित्रांवरून वाक्यं पुन्हा रचतं. मराठी असेल तर ओळ न् ओळ तपासावी लागते. त्यापेक्षा एक पान टाइप करणं लवकर होतं.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा प्रमाणपत्र असेल, तर हा पानांचा उपायही चालत नाही. ती स्वाक्षरी फाइलच्या मजकुराशी गणिताने बांधलेली असते, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी तपासणीत लगेच कळतं. तिथली चूक ज्या कार्यालयाने दाखला दिला, त्यांच्याच नोंदीत दुरुस्त करून नवी प्रत घ्यावी लागते.