फोटो सेव्ह करायला अ‍ॅपला परवानगी कशाला?

शुभेच्छांचा बॅनर सेव्ह करताना अ‍ॅप तुमच्या सगळ्या फोटोंची परवानगी मागतंय? अँड्रॉइड १० पासून त्याची गरज नाही. जुन्या फोनवर मात्र लागते. अ‍ॅप ‘मीडियास्टोअर’ या फोनमधल्या यादीत नवी नोंद करतं, त्या नोंदीत फोटो लिहितं आणि तो गॅलरीत दिसू लागतो. स्वतः सेव्ह केलेले फोटो ते विनापरवानगी वाचूही शकतं. पण अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तर जुने बॅनर गॅलरीत राहतात, अ‍ॅपला मात्र ते दिसत नाहीत. तेव्हा किंवा स्वतःचा फोटो बॅनरवर लावताना ‘फोटो पिकर’ पुरतो. तुम्ही निवडलेलाच फोटो अ‍ॅपला मिळतो. म्हणून आधी परवानगी नाकारा आणि बॅनर सेव्ह होतो का, ते पाहा.