साठ टक्के म्हणजे नेमके काय वजा?

भारतात सर्वत्र वापरात असलेला मोठा कीबोर्ड, ज्याला बाजारात फुल साइझ म्हणतात, तो 104 कळांचा असतो. त्याच्या डाव्या बाजूला अक्षरांचा मोठा गट, त्यावर F1 ते F12 या फंक्शन कळांची ओळ, मध्ये बाणांच्या आणि Home, End, Delete यांसारख्या कळांचा उभा पट्टा आणि अगदी उजवीकडे अंकांचा स्वतंत्र चौकोन, म्हणजेच नमपॅड, अशी त्याची रचना असते. यांतला केवळ नमपॅड काढून टाकला की उरतो तो टेनकीलेस. आणि नमपॅडबरोबर मधला पट्टा व वरची फंक्शन ओळही काढली की उरतो तो साठ टक्के. या तीन नावांभोवती जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच गोष्टीत सापडते: कीबोर्ड किती लहान झाला याकडे सर्वांचे लक्ष जाते, पण त्यातून नेमके कोणते काम करणाऱ्या कळा गेल्या हे क्वचितच पाहिले जाते.

पहिला गैरसमज नावातूनच उद्भवतो. साठ टक्के कीबोर्डवरील कळा साठ टक्के आकाराच्या, म्हणजे बारीक आणि बोटांना अडचणीच्या असतात, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर तिन्ही प्रकारांत सामान्यतः सारखेच, 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, असते आणि त्यामुळे मोठ्या कीबोर्डवर शिकलेला हात लहान कीबोर्डच्या अक्षरांवर अडखळत नाही. टक्केवारी ही कळांच्या संख्येची आहे, आणि तीही ढोबळ: 104 पैकी 61 कळा म्हणजे सुमारे 59 टक्के, तर टेनकीलेसच्या 87 कळा म्हणजे सुमारे 84 टक्के, ज्यांना बाजारात सरसकट ऐंशी टक्के म्हटले जाते. रुंदी मोजली तर साठ टक्के कीबोर्ड मोठ्याच्या बरोबर दोनतृतीयांश भरतो. टेनकीलेस या नावावरून त्यात दहा कळा कमी असाव्यात असे वाटणेही साहजिक आहे. प्रत्यक्षात नमपॅडबरोबर त्याचे स्वतःचे Enter, अधिक-उणे, गुणाकार-भागाकार, दशांश बिंदू आणि Num Lock हेही जात असल्याने 17 कळा कमी होतात. हा प्रकार खेळांच्या कीबोर्डबरोबर अलीकडे आला, हा समजही बरोबर नाही, कारण आयबीएमने 84 कळांचा, नमपॅड नसलेला कीबोर्ड 1987 मध्येच विकायला काढला होता.

आकार लहान केल्याचा खरा लाभ टेबलावरील जागेपेक्षा माउसच्या अंतरात आहे. टंकलेखन करताना शरीराचा मध्य अक्षरांच्या गटासमोर असतो, कीबोर्डच्या मध्यासमोर नव्हे. त्यामुळे मोठ्या कीबोर्डवर उजवा हात माउसकडे नेताना मधला पट्टा आणि नमपॅड असे दोन्ही ओलांडावे लागतात. नमपॅड काढल्यावर माउस सुमारे 8 सेंटिमीटर जवळ येतो आणि साठ टक्क्यांवर आणखी 6 सेंटिमीटर. दिवसभर कीबोर्ड आणि माउस यांच्यामध्ये हात फिरवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक जाणवतो. माउस डाव्या हाताने वापरणाऱ्याला मात्र यातले काहीही मिळत नाही, कारण त्याच्या बाजूला कीबोर्डची कड तिथेच राहते.

गेलेल्या कळांची कामेही गेली, असे मानणे हा दुसरा मोठा गैरसमज होय. साठ टक्के कीबोर्डवर Fn नावाची एक कळ असते, जी दाबून धरल्यावर त्याच कळांना दुसरा अर्थ प्राप्त होतो. या दुसऱ्या अर्थांच्या संचाला लेयर, म्हणजे थर, असे म्हणतात. Fn धरून 5 दाबले की F5 उमटते. ही अदलाबदल बहुधा कीबोर्डच्या आतच होत असल्यामुळे संगणकाकडे सरळ F5 चाच संकेत पोहोचतो, आणि म्हणून विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या बायोसच्या पडद्यावरही ती कळ चालते. मात्र याच कारणामुळे Fn ची जागा विंडोजच्या सेटिंगमधून सहसा बदलता येत नाही. कीबोर्डमधील प्रणाली बदलण्याजोगी असेल तरच ते शक्य होते. शिवाय बाण कोणत्या अक्षरांखाली लपवायचे याबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. एका कीबोर्डवर बसलेली सवय दुसऱ्यावर उपयोगी पडेल, याची खात्री नसते.

तेव्हा काम जात नाही, पण त्याची किंमत वाढते, आणि ती किती वाढते हे व्यवसायावर ठरते.

प्रोग्रामर म्हटला की साठ टक्के, ही समजूत पूर्णपणे निराधार नाही. टोकियो विद्यापीठातील प्राध्यापक एईती वाडा यांच्या कल्पनेतून पीएफयू या जपानी कंपनीने 1996 मध्ये आणलेला हॅपी हॅकिंग कीबोर्ड 60 कळांचा होता आणि तो युनिक्स वापरणाऱ्या प्रोग्रामरांसाठीच आखलेला होता. पण आज त्याच्याच वंशातले म्हणून घेतले जाणारे 61 कळांचे सर्वसाधारण कीबोर्ड एका महत्त्वाच्या बाबतीत त्याच्यापासून वेगळे आहेत. वाडा यांच्या रचनेत वरच्या ओळीतील लांब कळेची जागा दोन छोट्या कळांना दिली असून त्यामुळे Esc आणि ` या दोन्ही चिन्हांना स्वतंत्र कळा मिळतात. 61 कळांच्या कीबोर्डवर Backspace लांबच ठेवल्याने 1 च्या डावीकडच्या एकाच कळेवर दोघांची गर्दी होते; तिथे Esc बसते आणि ` ला थराखाली जावे लागते.

पत्र लिहिणाऱ्याला याचे सोयरसुतक नसते, पण जावास्क्रिप्टमध्ये वाक्यांत चल मूल्ये घालण्यासाठी ` हे चिन्ह सतत लागते, आणि युनिक्सच्या पडद्यावर ~ हे चिन्ह वापरकर्त्याच्या मूळ फोल्डरसाठी येते. व्हीएस कोडमध्ये Ctrl+` ने आतला टर्मिनल उघडतो. साठ टक्क्यांवर तेच Ctrl+Fn+Esc होते, आणि त्यातले Fn नीट दाबले गेले नाही तर विंडोज स्टार्ट मेनू उघडते. नवा टर्मिनल उघडण्यासाठी Ctrl+Shift+` दाबताना अशीच चूक झाली तर टास्क मॅनेजर समोर येतो. असे पडदे दिवसातून अनेकदा अवचित उघडू लागले, तर दोष बोटांचा नसून मांडणीचा आहे, असे खुशाल समजावे.

याउलट, विम या संपादकात मजकुरात फिरण्यासाठी h, j, k, l ही अक्षरेच वापरली जातात. तिथे बाणांच्या कळा नसल्याने काहीच अडत नाही. म्हणजे एकाच व्यवसायातील दोन माणसांसाठी उत्तर वेगळे येते: विम आणि टर्मिनल यांत राहणाऱ्याला साठ टक्के पुरतो, विशेषतः ` ची कळ हवी तिथे हलवता येत असेल तर, पण डीबगरमध्ये F5, F10, F11 यांनी ओळीमागून ओळ तपासणाऱ्याला टेनकीलेस अधिक शहाणपणाचा, कारण त्यात माउस जवळ येतो आणि फंक्शन ओळही जागच्या जागी राहते.

हिशेबनिसाला मोठा कीबोर्ड लागतो तो नमपॅडसाठी, हे सर्वांना माहीत असते. पण हे अर्धेच सत्य आहे. नमपॅडचा गुण असा की सर्व अंक एका हाताखाली येतात, 5 वरील उंचवट्यामुळे न पाहता हात ठेवता येतो, आणि डावा हात बिले उलटायला मोकळा राहतो. पण टॅलीप्राइमवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने फंक्शन ओळ जवळजवळ तितकीच महत्त्वाची आहे, कारण F4 कॉन्ट्रा, F5 पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, F8 सेल्स आणि F9 पर्चेस अशी व्हाउचरांची वाटणीच तिच्यावर केलेली आहे.

एका नोंदीचे उदाहरण घेता येईल. दुरुस्तीच्या खर्चाचे 18,450 रुपये रोखीने दिले आहेत आणि त्याचे पेमेंट व्हाउचर भरायचे आहे. मोठ्या कीबोर्डवर F5 दाबून, खाते निवडून, नमपॅडवर रक्कम टंकून बाजूच्याच Enter ने पुढे जाता येते, आणि शेवटी Ctrl+A ने नोंद स्वीकारली जाते. आता रक्कम टंकल्यावर तारीख चुकल्याचे लक्षात आले, तर F2 दाबून ती बदलायची असते. साठ टक्के कीबोर्डवर हे Fn+2 होते, आणि Fn निसटले तर कर्सर रकमेच्या शेवटी असल्याने तिथे 2 हा अंक चिकटतो: 18,450 चे 1,84,502 होतात. घाईत असलेल्याच्या नजरेतून हे सुटले, तर तेरीज पत्रकही ते पकडणार नाही, कारण एका बाजूला वाढलेली रक्कम रोख खात्यालाही तेवढीच लागते आणि नावे-जमा जुळूनच येतात. चूक उघड होते ती गल्ल्यातील रोकड मोजताना, किंवा पुस्तकातील रोख शिल्लक उणे दिसल्यावर. म्हणून हिशेबाच्या कामाला साठ टक्के घेणे हे गैरसोयीपेक्षा जोखमीचे अधिक आहे. ज्याला माउसही जवळ हवा आणि अंकही, त्याने टेनकीलेस घेऊन 17 कळांचे सुटे यूएसबी नमपॅड जोडावे. ते डाव्या हाताशीही ठेवता येते, पण मग बिले उलटण्याचे काम उजव्या हाताकडे जाते आणि अंकांची सवय नव्याने लावावी लागते.

विद्यार्थ्यांना लहान कीबोर्ड स्वस्त आणि पिशवीत मावणारा म्हणून सुचवला जातो. त्यावर मराठी नीट लिहिता येणार नाही, ही शंका मात्र अनाठायी आहे. इनस्क्रिप्ट या शासनमान्य मांडणीत मराठीला लागणारी सर्व चिन्हे साठ टक्क्यांच्या अक्षरगटातच बसतात: ॅ साठी Shift+2, ॉ साठी \ ची कळ. 1 च्या डावीकडची जी कळ प्रोग्रामरला छळते, तिच्यावर इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व ओकाराचे चिन्ह असते. ते दक्षिणी भाषांतील शब्द देवनागरीत लिहिण्याखेरीज मराठीत लागत नाही. अडचण येते ती अन्यत्र. टर्बो सी++ वर सी शिकणाऱ्याला Alt+F9 ने संकलन आणि Ctrl+F9 ने चालवणे असे दर काही मिनिटांनी करावे लागते, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला टॅली शिकायचे असते, आणि शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेसारख्या ठिकाणी स्वतःचा नव्हे तर केंद्रावरचा कीबोर्ड समोर असतो. Backspace च्या जवळ Delete, किंवा बाण अक्षरांखाली, अशी सवय लागलेला हात तिथे वेळ घालवतो. ज्याचे काम मुख्यतः निबंध आणि टिपणे लिहिण्याचे आहे, त्याला बाणांच्या कळा वेगळ्या देणारा पासष्ट टक्के हा मधला प्रकार साठपेक्षा बरा पडतो. परीक्षा तोंडावर असलेल्याने निदान ती होईपर्यंत टेनकीलेसच्या खाली जाऊ नये.