डिंक फुलला की नाही, ते फोडून बघा

पहिल्यांदा एकटीने डिंकाचे लाडू केले, त्या वर्षी वाण्याकडून छान टपोरा डिंक आणला होता. बोराएवढे खडे, मधासारखे पिवळसर. तसेच तुपात सोडले. फुलले, पांढरे झाले, मी खूश. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी लाडू खाल्ला आणि बराच वेळ कोणाशी बोललेच नाहीत. बोलता येत नव्हतं. वरून फुललेल्या खड्याच्या पोटात कच्चा डिंक राहिला होता आणि तो कवळीला चिकटून बसला होता.

हे का होतं ते समजलं की तळणीची अर्धी भीती जाते. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक हाताला काचेसारखा कोरडा लागतो, पण त्यात साधारण दहा-पंधरा टक्के पाणी मुरलेलं असतं. गरम तुपात खडा आधी मऊ होतो, मग आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती त्या मऊ डिंकाला आतून फुगवते. पाणी निघून गेलं की तोच फुगा कडक होऊन जाळीदार, ठिसूळ राहतो. म्हणजे फुलणं हे आतल्या पाण्याचं काम, तूप फक्त उष्णता पोचवतं. खडा मोठा असला की बाहेरचा थर आधी फुलतो, आणि त्या हवेने भरलेल्या थरातून उष्णता पुढे आत जाईनाशी होते. तूप खूप तापलेलं असेल तर हेच आणखी लवकर होतं, वर बदामी रंग आणि पोटात काच.

म्हणून डिंक कुटून घ्यायचा. तुरीच्या दाण्याएवढे तुकडे बेतशीर. कुटताना पडलेला चुरा चाळून बाजूला ठेवायचा, कारण तो खड्यांबरोबर टाकला तर खडे फुलेपर्यंत जळतो आणि तुपाला करपट वास लावतो. तो शेवटी, गॅस बंद करून, उरलेल्या आचेवर फुलवायचा. खड्यांना चिकटलेल्या साली, काटक्या निवडायच्या. तासभर उन्हात ठेवला तर वरचा दमटपणा जातो आणि खडे एकमेकांना धरत नाहीत. मात्र कडक वाळावा म्हणून ओव्हनमध्ये वगैरे घालू नये, फुलवणारं पाणीच निघून जाईल. आणि दुकानात एवढं विचारून घ्या की हा कतीरा तर नाही ना. तो पाण्यात भिजवून सरबतात घालायचा. तुपात फुलत नाही.

आता माप. आमच्या घरच्या एका घाण्याचं सांगते: खारकेची पूड 250 ग्रॅम, किसून कोरडं भाजलेलं सुकं खोबरं 250, डिंक 125, बदामाचे काप 100, गोडंबी 50, भाजलेली खसखस 50. हे सगळं 825 ग्रॅम झालं. त्याला साधा गूळ 400 ग्रॅम आणि तूप 200 ग्रॅम. वर वेलची-जायफळ. मध्यम आकाराचे पस्तीसेक लाडू होतात.

200 ग्रॅम तूप लहान, खोलगट कढईत घ्यायचं. पसरट कढईत तेवढं तूप तळाशी पातळ पसरतं आणि डिंक बुडत नाही. मध्यम आचेवर तापलं की एक खडा टाकून बघायचा. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे सोडत वर आला, फुलताना रंग पांढराच राहिला, तर तूप बरोबर. तळाशी नुसता पडून मऊ झाला तर थांबा, कारण थंड तुपात डिंक वितळल्यासारखा होऊन गोळा होतो, तूप पितो आणि नंतर कितीही आच वाढवली तरी फुलत नाही. टाकल्याबरोबर तांबूस झाला तर कढई दोन मिनिटं खाली उतरवा. एका वेळी एक मोठा चमचाभरच डिंक, कारण तो तिप्पट-चौपट होतो आणि दरवेळी तूप थोडं थंडही करतो. सारखं हलवत राहायचं. फुलताना येणारी चरचर थांबली, म्हणजे पाणी संपलं. ऐकायचं ते एवढंच.

पहिला घाणा काढला की दोन मिनिटं निवू द्या आणि त्यातला सगळ्यात मोठा खडा बोटांनी चुरडा. भुगा झाला तर ठीक. मध्ये टणक, चकाकणारा कण लागला तर पुढचे खडे बारीक करा, आच थोडी कमी करा, वेळ थोडा वाढवा. गरम असताना ही परीक्षा करू नका, कच्चा डिंक तेव्हा मऊच असतो आणि फसवतो.

सगळा डिंक तळल्यावर मी एकदा उरलेलं तूप वजन करून पाहिलं. 200 मधलं 125 ग्रॅम उरलं होतं. म्हणजे 75 ग्रॅम तूप डिंकाबरोबर लाडवात आधीच गेलेलं असतं. वाटीने तूप मोजणाऱ्या बायका हे धरत नाहीत आणि मग वरून पुन्हा वाटीभर ओततात. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने जाडसर चुरायचा. मिक्सरमध्ये पीठ केलं तर लाडू खाताना डिंक कुठे आहे ते शोधावं लागतं.

उरलेलं तूप गाळून त्यातलं दोन चमचे कढईत घ्या, त्यात किसलेला गूळ. पाण्याचा थेंब नको. डिंकाची बाटली आठवते ना, पाकिटं चिकटवायची? बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. गुळात पाणी राहिलं तर फुललेला डिंक ते ओढून घेतो आणि कुरकुरीतपणा जाऊन पुन्हा चिकट होतो. गूळ मंद आचेवर वितळला आणि कडेने आणि मधे सगळीकडे फेस आला की उतरवायचा. तार बघत बसलात तर तो चिक्कीकडे जातो. चिक्कीचा गूळ इथे नकोच.

गूळ निम्मा पुरतो, कारण खारीक स्वतः गोड आहे. खारीक कमी करून कणीक घातली तर गूळही वाढवावा लागेल आणि तूपही, कारण कणीक तूप पिते. उलट खोबऱ्याला स्वतःचं तेल असतं, म्हणून आपल्या या लाडवाला तूप इतकं कमी पुरतं.

गरम गूळ कोरड्या जिनसांवर ओतून कालवा आणि गरम असतानाच एक लाडू वळून बघा. हाताला कोरडा लागून भुगा होत असेल तर गाळून ठेवलेलं तूप चमचा-चमचा घाला. हाताला चकाकी येते, तूप लागतं, तरी लाडू फुटतोच, तर कमी आहे तो गूळ, किंवा सारण निवलंय. आधी जरा गरम करून बघा, तरीही जमेना तर चार चमचे गूळ वितळवून घाला. इथे तूप वाढवणं ही नेहमीची चूक. थंडीत तूप थिजतं, त्यामुळे असा लाडू संध्याकाळी छान घट्ट दिसतो आणि दुपारी उन्हाच्या खोलीत डबा ठेवला की खाली बसतो, बुडाशी तूप साचतं. दुसऱ्या दिवशी दगड झाला तर दोष पाकाचा. तो लाडू फोडून, मंद आचेवर चमचाभर तुपात परतून, पुन्हा वळता येतो, थोडा कडकच राहतो.

माझ्या मापात शेवटी तीस-चाळीस ग्रॅम तूप उरतंच. त्याला डिंकाचा वास लागलेला असतो. मी ते त्याच रात्री बाजरीच्या भाकरीवर संपवते.