तळहाताएवढ्या पडद्यावर किती शब्द मावतात?

मृग जवळ आला की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेरणीच्या सल्ल्यांची रीघ लागते. बीजप्रक्रिया, उगवणक्षमता, खतांच्या मात्रा असं बरंच काही चित्रांच्या रूपात येतं. यातली कितीतरी चित्रं म्हणजे पॉवरपॉइंटमध्ये बनवलेली स्लाइडच असते, फोटो करून जशीच्या तशी पुढे पाठवलेली. माहिती सहसा बरोबर असते, कष्टाने जमवलेली असते. पण ती वाचायची तर दोन बोटांनी चित्र ताणावं लागतं, ताणलं की ओळीचं टोक पडद्याबाहेर जातं, आणि ओळ शोधताना वाक्याचा धागा सुटतो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाने एवढी खटपट करावी अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही.

हे का होतं, ते साध्या गुणाकार-भागाकारात कळतं. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच, म्हणजे जवळपास ३४ सेंटिमीटर रुंद असते. आजच्या मोठ्या फोनचा पडदा उभा धरला तर साधारण ६.८ सेंटिमीटर रुंद भरतो. म्हणजे स्लाइड पाचपट लहान होते आणि तिच्यावरचं प्रत्येक अक्षरही. संगणकावर ऐसपैस दिसणारं २४ पॉइंटचं अक्षर फोनवर पाच पॉइंटांहूनही लहान उरतं. गाय कावासाकी या अमेरिकी उद्योजकाचा सादरीकरणाचा नियम प्रसिद्ध आहे: दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि ३० पॉइंटांहून लहान अक्षर नको. सभागृहासाठी तो नियम चांगला आहे. पण आजच्या रुंद स्लाइडवरचे ते ३० पॉइंट उभ्या फोनवर जेमतेम सहा होतात. फोन आडवा केला तर सगळं पावणेदोन पटीने मोठं दिसतं, हे खरं. पण एका हातात फोन धरून संदेश चाळणारा माणूस प्रत्येक चित्रासाठी फोन आडवा करत नाही.

म्हणून शब्द कापायच्या आधी स्लाइडचा आकार बदलावा. आडवी स्लाइड उभ्या फोनवर ६.८ सेंटिमीटर रुंद आणि फक्त ३.८ सेंटिमीटर उंच जागा वापरते. वर-खाली उरलेला पडदा काळा राहतो. तीच स्लाइड ४ः५ प्रमाणात उभी केली, म्हणजे १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० पिक्सेल उंच, तर फोनवर तिची उंची साडेआठ सेंटिमीटर होते. एकही शब्द न गाळता सव्वादोन पट जागा मिळते. पॉवरपॉइंटमध्ये हे ‘डिझाइन’ टॅबमधल्या ‘स्लाइड साइझ’खाली बदलता येतं. रुंदी ८ इंच आणि उंची १० इंच दिली की प्रमाण जमतं.

आता या उभ्या चौकटीत किती शब्द बसवायचे? एका स्लाइडवर सहा ओळी आणि ओळीत सहा शब्द, असा एक इंग्रजी ठोकताळा फार ऐकू येतो. मराठीत तो लंगडा पडतो, कारण आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. माझं म्हणणं असं आहे की मराठीत शब्दांची संख्या आधी ठरवूच नये. अक्षराचा आकार आधी ठरवावा, आणि त्या आकारात जेवढे शब्द बसतील तीच मर्यादा मानावी.

त्याचा हिशेब असा. १०८० पिक्सेलच्या चौकटीत दोन्ही बाजूंना ८० पिक्सेल मोकळे सोडले की ओळीला ९२० पिक्सेल उरतात. मजकुराचं अक्षर ६० पिक्सेलचं धरलं तर ओळीत साधारण पाच मराठी शब्द बसतात. मथळ्याची जागा सोडून खाली दहाएक ओळी मिळतात, म्हणजे सुमारे पन्नास शब्द. फोनवर हे ६० पिक्सेल पावणेचार मिलिमीटर होतात. पण या मापात वरच्या आणि खालच्या मात्रांची जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून तळापर्यंतचं मूळ अक्षर निम्म्याहून थोडं अधिक, म्हणजे दोन मिलिमीटरांच्या आसपास भरतं. पस्तीस सेंटिमीटरवर फोन धरणाऱ्या, नजर चांगली असलेल्या माणसाला ते आरामात वाचता येतं.

अक्षर मोठं केलं की जागा दोन्हीकडून आटते, कारण ओळीत शब्द कमी बसतात आणि ओळीही कमी होतात. त्यामुळे अक्षर दुप्पट केलं तर शब्द निम्मे नाही, चौथाई उरतात. ६० चं ७२ केलं तर पन्नासाचे पस्तीस होतात. उलट ४८ वर आणलं तर अठ्ठ्याहत्तर शब्द मावतात. स्लाइड बनवणाऱ्याला मोह पडतो तो इथेच. आकार दोन-चार पायऱ्या खाली सरकवला की राहिलेला परिच्छेदही आत येतो, आणि संगणकाच्या मोठ्या पडद्यावर फरक जाणवतही नाही.

फरक वाचणाऱ्याला जाणवतो, आणि आपल्याकडे पेरणीचा निर्णय घेणारा माणूस बऱ्याचदा चाळिशी ओलांडलेला असतो. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, म्हणून चष्मा घरी राहिला की फोन लांब धरला जातो. तो पन्नास सेंटिमीटरवर गेला तर अक्षर आधीइतकंच मोठं भासण्यासाठी ६० ऐवजी ८६ पिक्सेल लागतात, आणि मग चौकटीत जेमतेम पंचवीस शब्द उरतात. मी स्वतः ७२ पिक्सेलचं अक्षर आणि पंचवीसच्या आतले शब्द हा मध्य पकडते. पस्तीस बसत असताना पंचवीसच ठेवायचे, कारण ओळींच्या गटांमधल्या मोकळ्या जागेनेच डोळ्याला कळतं की एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं.

ओळींमधल्या अंतरात मात्र कंजुषी करू नये. इंग्रजी ओळी जवळ आणल्या तरी चालून जातं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा अनुस्वार एकमेकांना टेकतात. अक्षराच्या दीडपट अंतर ठेवलं तर सहसा ही टक्कर होत नाही. लहान आकारात धोका याहून मोठा असतो. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ पुसली गेली की तो ‘व’ होतो, ‘ष’चा ‘प’ होतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या बारीकशा खंडावर टिकून असतो. शब्दाच्या संदर्भाने वाचक हे सावरून घेतो. आकड्यांना संदर्भ नसतो. औषधाच्या मात्रेतला १ कुणी ९ वाचला तर त्याला सावरणारं आजूबाजूला काहीच नसतं. म्हणून आकडे मजकुराहून एक पायरी मोठे असावेत. सबंध मजकूर ठळक करणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण फार ठळक वळणात अक्षरांची पोटंच बुजतात. मुंबईच्या एक टाइपने बनवलेल्या ‘मुक्ता’सारख्या फॉन्टमध्ये जाडीच्या सात पायऱ्या आहेत. मजकुराला मधली आणि मथळ्याला तिच्या वरची पायरी घेतली की काम भागतं.

आता एक नेहमीची स्लाइड घेऊ. तिच्यावर साधारण असा मजकूर असतो: ‘सोयाबीनची पेरणी करण्यापूर्वी शेतकरी बांधवांनी आपल्याकडील घरगुती बियाण्याची उगवणक्षमता तपासून घेणे अत्यंत आवश्यक आहे. त्यासाठी बियाण्याच्या पोत्यांतून वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर दाणे घेऊन ते ओल्या गोणपाटावर ओळीत मांडावेत, त्यावर दुसरे ओले गोणपाट अंथरून गुंडाळी करावी, गुंडाळी सावलीत ठेवून तिच्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे आणि सहा-सात दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य समजावे.’ हे सत्तावन्न शब्द आहेत, आणि त्यातले पहिले चौदा फक्त एवढंच सांगतात की बियाणं तपासा.

ते चौदा शब्द पहिल्या स्लाइडवर मोठ्या मथळ्यात मावतील असे करायचे: ‘सोयाबीन: घरचं बियाणं पेरण्याआधी उगवण तपासा’. दुसऱ्या स्लाइडवर कृती: ‘१०० दाणे घ्या. पोत्याच्या वरून, मधून, तळातून. ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा. वर दुसरं ओलं गोणपाट. गुंडाळून सावलीत ठेवा. अधूनमधून पाणी शिंपडा.’ एकवीस शब्द झाले, आणि ७२ पिक्सेलमध्ये ते मोकळेपणाने बसतात. ‘घेऊन’, ‘अंथरून’, ‘आणि’ यांनी साखळीसारखं जोडलेलं वाक्य सोडवून आज्ञार्थी क्रियापदं घेतली की शब्द आपोआप गळतात आणि कामांचा क्रमही दिसतो. तिसऱ्या स्लाइडवर निकाल: ‘सहा-सात दिवसांनी कोंब मोजा. ७० किंवा जास्त: एकरी ३० किलो पेरा. ७० पेक्षा कमी: बियाणं वाढवावं लागेल, कृषी सहायकांना विचारा.’

कृतीची स्लाइड आणखी दोन भागांत तोडता आली असती, निकालाची नाही. अट आणि तिचा परिणाम, आकडा आणि त्याचं एकक कधीही दोन स्लाइडवर विभागू नयेत. ग्रुपवर एकत्र पाठवलेली चित्रं पुढे एकत्रच जातील याची खात्री नसते. कुणी नेमकी तिसरी स्लाइडच भावाला पाठवतो. तिच्यावर पिकाचं नाव नसेल तर ‘७० किंवा जास्त’ हे हरभऱ्याचं की सोयाबीनचं, हे त्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर ‘सोयाबीन, उगवण चाचणी’ एवढं तरी हवं. त्यात तीन शब्द खर्ची पडतात आणि ते पडू द्यावेत. स्लाइडची संख्या वाढवण्यालाही इथेच मर्यादा येते. जितके तुकडे जास्त, तितकी वाटेत हरवण्याची शक्यता जास्त. एका चाचणीसाठी तीन-चार स्लाइडच्या पुढे मी जात नाही.

स्लाइड तयार झाली की ती संगणकावर पूर्ण पडद्यात बघून समाधान मानू नये. पट्टी लावून ती सात सेंटिमीटर रुंद होईपर्यंत लहान करावी आणि हात लांब करून जितक्या अंतरावर फोन धरतो तितक्या अंतरावरून वाचावी. याहून चांगलं म्हणजे स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून उन्हात उघडावी. साध्या पद्धतीने पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, आणि बारीक रेषांभोवती मळकट ठिपके उमटतात. अनुस्वार आणि रफार आधी त्यात बुडतात. चित्र ‘एचडी’ निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ते वाचतात. करड्यावर पांढरं किंवा शेताच्या फोटोवर थेट अक्षरं हा प्रकार उन्हात टिकत नाही. फिक्या सपाट रंगावर काळं अक्षर टिकतं.

एक अडचण मात्र कुठल्याही आकाराने सुटत नाही. कमी दिसणाऱ्या अनेकांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. त्या सेटिंगचा परिणाम टाइप केलेल्या मजकुरावर होतो, चित्रातल्या अक्षरांवर होत नाही. अंध व्यक्तींसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी सोय फोनमध्ये असते, तीसुद्धा चित्रापाशी बहुधा अडखळते. म्हणून तिन्ही स्लाइडखाली तोच मजकूर टाइप करून पाठवावा, पिकाचं नाव पहिल्या ओळीत आणि प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर. तिथे शब्दांची मर्यादा पाळायची गरज नाही. उगवण सत्तरच्या खाली गेली तर बियाणं किती वाढवायचं, याचा जो तक्ता स्लाइडवर मावला नाही, तो तिथे पूर्ण देता येतो.